स्मृतिभ्रंश, रात्रीची जाग आणि मेलाटोनिन

प्रश्न : स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना रात्री वारंवार जाग येते. मेलाटोनिन किती आणि केव्हा द्यावे?

उत्तर : अशी जाग कमी करण्यासाठी मेलाटोनिनचा उपयोग होतो, असे अभ्यासांतून ठामपणे दिसलेले नाही. अमेरिकेत 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अल्झायमरच्या 157 रुग्णांना दोन महिने झोपण्याआधी 2.5 मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी गोळी, 10 मिलिग्रॅमची साधी गोळी किंवा औषध नसलेली गोळी दिली गेली. मनगटावरील यंत्राने मोजलेल्या रात्रीच्या झोपेत ठळक फरक आढळला नाही. म्हणजेच मात्रा वाढवूनही लाभ दिसला नाही.

नेदरलँड्समधील वृद्धाश्रमांत केलेल्या, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत संध्याकाळच्या 2.5 मिलिग्रॅम मेलाटोनिनने झोप सरासरी 27 मिनिटे वाढली. पण रुग्ण उदास, अलिप्त झाले. दिवसा प्रखर उजेडाची जोड दिल्यावर हा दुष्परिणाम कमी झाला.

डॉक्टरांनी प्रयोग म्हणून सुचवलेच, तर हळूहळू विरघळणारी 2 मिलिग्रॅमची गोळी झोपेच्या एक-दोन तास आधी, रोज ठरावीक वेळी देतात. ती कुटून दिल्यास औषध एकदम सुटते. मध्यरात्री जाग आल्यावर दिल्यास सकाळी गुंगी राहून तोल जाऊ शकतो. काही आठवड्यांच्या झोपेच्या नोंदीत फरक दिसला नाही, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध थांबवावे आणि वेदना, लघवीची घाई, दुपारची लांबलेली झोप ही कारणे तपासावीत.