किस्सा किती, मुद्दा कधी?

प्रश्न : कांदाचाळींवरच्या लेखाची सुरुवात मी एका शेतकऱ्याच्या पहाटेपासून केली. संपादकांनी पहिले चार परिच्छेद कापले. किस्स्याने सुरुवात करणं चूक आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अजिबात नाही. फीचरला बातमीसारखं पहिल्याच वाक्यात सगळं सांगावं लागत नाही. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने रुळवलेल्या पद्धतीत आधी एका माणसाचा प्रसंग येतो आणि पाठोपाठ ‘नट ग्राफ’, म्हणजे हा लेख कशाबद्दल आहे आणि आत्ता का वाचायचा, हे सांगणारा परिच्छेद. हजारेक शब्दांच्या लेखात तो तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदापर्यंत यावा. तुमचा बहुधा तिथे आला नव्हता.

पहाट, चहा, गोठा गाळा. शेतकरी चाळीतले सडके कांदे निवडून बाजूला टाकतोय, तिथूनच सुरू करा. लेख साठवणुकीतल्या नुकसानीचा आहे. दोन परिच्छेदांनंतर लिहा : ‘भाव वाढेल या आशेने उन्हाळ कांदा ठेवणाऱ्या अनेकांपुढे हाच पेच आहे.’

हाच किस्सा पीकविम्यावरच्या लेखालाही चालला असता, तर तो बदला. आणि निर्यातबंदीसारखा निर्णय आजच झाला असेल, तर किस्सा नकोच. थेट बातमी द्या.