फोटोतल्या पावसाच्या तक्त्यावरून महिन्याचा गोषवारा

भामरागडचा जुलैचा पाऊस हवा असतो, आणि हाती येतो व्हॉट्सॲपवर फिरून पुसट झालेला तक्त्याचा फोटो. काम सुरू करण्याआधी मूळ कागद मिळतो का ते पाहा. मिळाला तर तो सपाट ठेवून बरोबर वरून, सावली न पाडता नवा फोटो घ्या.

एक्सेलच्या मोबाइल ॲपमधल्या `Data From Picture` ने आकडे उतरवता येतात. मात्र तक्ता मराठी अंकांत असेल तर हाताने टाइप करणेच बरे, कारण १ चा इंग्रजी 9 होऊन बसतो. A रकान्यात तारीख आणि B मध्ये पाऊस, मिलिमीटरमध्ये. जुलैचे ३१ दिवस B2 ते B32 मध्ये येतील. नोंद सकाळी साडेआठची असते, म्हणजे १ जुलैच्या आकड्यात ३० जूनचाही पाऊस आहे. तरीही तारखा सरकवू नका, सगळीकडे हीच रीत आहे.

खरी गोम रिकाम्या चौकटीत असते. ‘निरंक’ किंवा ० म्हणजे पाऊस नाही, तिथे 0 लिहा. ‘अप्राप्त’ किंवा कोरी चौकट म्हणजे नोंदच आली नाही, ती कोरीच ठेवा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, त्यामुळे नेमक्या मोठ्या पावसातच नोंद चुकू शकते. दोन कोऱ्या दिवसांनंतर एकदम १४२ दिसले, तर ती तीन दिवसांची साठलेली नोंद आहे का, हे तहसीलमध्ये विचारून घ्या. तसे असेल तर तो एका दिवसाचा उच्चांक धरता येणार नाही.

आता सूत्रे:

```
=SUM(B2:B32)
=MAX(B2:B32)
=MINIFS(B2:B32,B2:B32,">0")
=AVERAGE(B2:B32)
=COUNT(B2:B32)
```

पावसाळ्यातही कोरडे दिवस असतात, त्यामुळे साधा नीचांक बहुधा शून्यच येतो आणि त्यातून काही कळत नाही. म्हणून इथे पाऊस झालेल्या दिवसांतला सर्वांत कमी आकडा घेतला आहे.

बेरीज तक्त्यातल्या महिन्याच्या एकूण आकड्याशी ताडून पाहा. समजा, छापील बेरीज ४०६.० आहे आणि तुमची ५७३.४ आली. फरक १६७.४. त्याला ९ ने भागा: १८.६. तक्त्यात १८.६ सापडले आणि तुमच्याकडे तिथे १८६ असेल, तर दशांशचिन्ह गळले आहे. ही युक्ती एकच चिन्ह गळले असेल तरच चालते. एरवी ओळीओळीने पडताळण्याला पर्याय नाही.

दुरुस्तीनंतर सरासरी काढताना दोन दिवस कोरे असतील, तर ४०६ ला २९ ने भागून १४.० येते. त्या चौकटींत शून्ये भरली असती तर १३.१ आली असती, म्हणजे न मोजलेला पाऊस न पडलेला ठरला असता. गोषवाऱ्यात सरासरीशेजारी ‘२९ दिवसांच्या नोंदींवरून’ एवढे जरूर लिहा.