जाहिरातीतले बावीस हजार

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशिनिंगचं वर्कशॉप आहे. चार व्हीएमसी, दोन सीएनसी लेथ, एक जुनं रेडियल ड्रिल आणि मला धरून तेवीस माणसं. २०२३च्या पावसाळ्यात एक ऑपरेटर गावी गेला तो परत आलाच नाही, आणि मी घाईघाईत जाहिरात लिहिली: ‘पाहिजेत. नामांकित कंपनीत व्हीएमसी ऑपरेटर. पगार २२,०००. प्रगतीची भरपूर संधी. अनुभवी व फ्रेशर दोघांनाही प्राधान्य. त्वरित संपर्क.’ आता वाचताना हसू येतं. आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या चहावाल्यालाही आमच्या कंपनीचं नाव सांगता येत नाही, आणि म्हणे नामांकित. शिवाय अनुभवी आणि फ्रेशर दोघांनाही प्राधान्य, म्हणजे प्राधान्य कुणालाच नाही.

पण खरा घोटाळा आकड्यात होता. केजकडचा एक मुलगा रुजू झाला. आयटीआय मशिनिस्ट, आधी वर्षभर दुसरीकडे काम केलेला, हात चांगला. पहिला पूर्ण पगार जमा झाला त्या दिवशी तो मोबाइल हातात धरून केबिनच्या दारात उभा राहिला. “साहेब, पाच हजार कमी आलेत.” खात्यात १६,९७७ रुपये आले होते.

मी त्याला हिशेब समजावून सांगायला बसलो. बेसिक आणि डीए मिळून १४,०००, घरभाडं आणि इतर भत्ते ५,०००, असा एकूण पगार १९,०००. त्यातून पीएफ १२ टक्क्यांनी १,६८०, ईएसआयसी १४३ आणि प्रोफेशन टॅक्स २०० गेले. राहिले १६,९७७. मग २२,००० कुठून आले? मालकाच्या वाट्याचा पीएफ १,६८०, त्याचं प्रशासन शुल्क आणि विम्याचे मिळून १४०, मालकाची ईएसआयसी ६१८, आणि बूट-गणवेशाचे महिन्याला म्हणून धरलेले ५००. बेरीज झाली २१,९३८. ती मी गोल करून छापली होती. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “साहेब, तुमचा पीएफ माझ्या पगारात कसा धरला?”

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऑडिटरला सांगण्यासारखं होतं, त्याला सांगण्यासारखं नव्हतं. कंपनीला तो मुलगा महिन्याला २१,९३८ रुपयांना पडत होता, हे खरं. पण खोलीचं भाडं, खानावळ आणि घरी पाठवायचे पैसे यांचं गणित त्यानं २२,०००वर मांडलं होतं. दुसऱ्या महिन्याचा पगार घेऊन तो गेला. जाताना कुणाशी भांडला नाही. मात्र त्याच्या खोलीवर राहणारा आमचाच दुसरा ऑपरेटरही पुढच्या आठवड्यात गेला. त्यानंतर एक मशिन अकरा दिवस एका शिफ्टला बंद राहिलं. तासाला ४५० रुपयांच्या आमच्या दरानं आठ तासांचे अकरा दिवस म्हणजे ३९,६०० रुपयांचं काम बुडालं. पार्टीची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

नवी जाहिरात लिहायला बसलो तेव्हा आधी जुनी जाहिरात छापून सगळ्यांत नव्या तीन कामगारांच्या हातात दिली. म्हटलं, जे खोटं वाटेल त्यावर काट मारा, आणि आधी कळायला हवं होतं असं काही असेल तर खाली लिहा. ‘नामांकित’, ‘२२,०००’ आणि ‘भरपूर संधी’ या तिन्हींवर काट आली, ते अपेक्षितच होतं. खाली मात्र तिघांनीही, एकमेकांना न विचारता, एकच गोष्ट लिहिली: पगार कोणत्या तारखेला होतो ते सांगा. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. मोठ्या पार्ट्यांचं पेमेंट साठ-नव्वद दिवसांनी येतं, त्यामुळे आमचा पगार कधी सातला तर कधी बाराला व्हायचा. खोलीमालक पाच तारखेला दारात उभा असतो. आम्ही ओव्हरड्राफ्टची मर्यादा थोडी वाढवून घेतली आणि सात तारीख पक्की केली, आणि मगच ती छापली. कायद्यानंही आमच्यासारख्यांनी पगार सातपर्यंत करायला हवा, पण ते मला कामगारांनी शिकवलं.

पगाराच्या ओळीत आता आम्ही दोन आकडे देतो, एकूण आणि हातात येणारा. ‘एकूण पगार १९,०००, पीएफ, ईएसआयसी, प्रोफेशन टॅक्स कापून हातात सुमारे १७,०००.’ महाराष्ट्रात महिलांना २५,०००पर्यंतच्या पगारावर प्रोफेशन टॅक्स नाही, म्हणून त्यांच्या हातात दोनशे जास्त येतात, तेही लिहितो. फेब्रुवारीत हा टॅक्स २००ऐवजी ३०० कापला जातो आणि मार्चच्या सुरुवातीला दोन फोन हमखास येतात. ते जाहिरातीत नाही लिहिलं, पण रुजू होण्याच्या दिवशी सांगतो. ‘१५ ते ३० हजार’ अशी पट्टी छापायचा मोह मात्र कुणी धरू नये. वाचणारा वरचा आकडा लक्षात ठेवतो आणि देणारा खालचा.

ओव्हरटाइम पगारात मिसळायचा नाही, हेही अनुभवानंच कळलं. दुप्पट दरानं तो आमच्याकडे तासाला साधारण १८० रुपये पडतो, वीस तास झाले तर ३,६०० होतात. पगारात धरून छापलं की जाहिरात झकास दिसते. पण ऑर्डर कमी झाली की ओव्हरटाइम बंद, आणि माणसाला वाटतं पगार कापला. आता वेगळी ओळ असते: ‘ओव्हरटाइम काम असेल तेव्हाच, दुप्पट दरानं. गेल्या सहा महिन्यांत दर महिन्याला १० ते २५ तास झाला.’ ही माहिती हजेरीच्या रजिस्टरवरून घेतो, अंदाजानं नाही.

इथे एक धोका सांगून ठेवतो, कारण त्यानं माझी दोन रात्रींची झोप गेली. जाहिरात आधी वाचतात ते आपलेच लोक. आमच्याकडे तीन-चार वर्षांचे दोन ऑपरेटर होते, एकाचा एकूण पगार १८,२०० आणि दुसऱ्याचा १८,५००. नवा माणूस १९,०००वर येणार हे छापलेलं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असतं तर एक जागा भरताना दोन रिकाम्या झाल्या असत्या. छापण्याच्या आदल्या महिन्यात दोघांना प्रत्येकी १,३०० वाढवले. महिन्याला २,६०० रुपये आणि त्यावरच्या वर्गण्या हा बोजा पडला, नाकारत नाही. ज्याला तो झेपत नसेल त्यानं आकडा छापण्याआधी आपलं पगारपत्रक उघडून बघावं, आणि छापायचा आकडा त्यावरून ठरवावा.

कामाच्या बाबतीत आमचा खोटेपणा लबाडीचा कमी आणि आळसाचा जास्त होता. ‘ऑपरेटर’ लिहिलं होतं, पण हवा होता अर्धा सेटर. ऑपरेटर जॉब लावतो, काढतो, व्हर्नियर-मायक्रोमीटरनं तपासतो, गरज पडली तर ऑफसेट देतो. सेटर फिक्स्चर बसवतो, टूल लावतो, पहिला पीस पास करून देतो. बाजारात दोघांच्या पगारात बराच फरक आहे. ऑपरेटरच्या पगारात सेटरचं काम मागणं आणि ते मुलाखतीत हळूच सांगणं, हा छोट्या कंपन्यांचा जुना धंदा आहे, आणि मीही तो केला. आता एका शिफ्टमधलं काम जसं असतं तसंच लिहितो. साडेसहा तास मशिनवर, अर्धा तास डीबरिंग, शेवटचा अर्धा तास चिप्स काढणं आणि कूलंट बघणं. जॉब बारा ते अठरा किलोचे, हातानं उचलावे लागतात. आठवड्याआड रात्रपाळी. सुट्टी गुरुवारी. ही गुरुवारची गोष्ट भोसरीतल्या माणसाला सांगावी लागत नाही, पण लातूर-बीडहून येणारा मुलगा रविवार धरून चालतो, आणि आयटीआयमधले त्याचे मित्र रविवारीच भेटतात.

चिप्स आणि बारा किलोचं वजन छापल्यावर कोण येणार, असं आमच्या सुपरवायझरला वाटत होतं. जुन्या जाहिरातीला साठेक फोन आले होते, नवीला सतरा आले. त्यातले नऊ जण भेटायला आले, आणि नऊपैकी एकानंही पगार किंवा पाळी विचारली नाही. सगळ्यांनी मशिन दाखवा म्हटलं. सगळ्यांत सुरेख काम दाखवलं ते पिंपरीकडच्या आयटीआयमधून आलेल्या एका मुलीनं. जुन्या जाहिरातीच्याही आधीच्या एका जाहिरातीत मी ‘फक्त पुरुष’ लिहिलं होतं, हे तिच्यासमोर आठवलं आणि कसंतरी झालं. ते लिहिणं बेकायदेशीरच आहे.

प्रगतीची ओळ लिहायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. तेवीस माणसांच्या जागी शिडी नसते. एक सुपरवायझर आहे, तो चाळिशीचा आहे आणि कुठे जाणार नाही. दोन सेटर आहेत. मग संधी कसली? ती शिकण्याची, आणि शिकल्यावर पगार वाढण्याची. म्हणून असं लिहिलं: ‘तीन वेगवेगळ्या जॉबचं सेटिंग स्वतः करून पहिला पीस पास केला की सेटरची श्रेणी, एकूण पगार २३,५००. साधारण दीड ते दोन वर्षं लागतात. सुपरवायझरची जागा सध्या भरलेली आहे. दोन वर्षांनी मोठ्या कंपनीत जायचं असेल तर अनुभवपत्र देऊ.’ शेवटचं वाक्य भागीदाराला पटलं नाही. माझं म्हणणं एवढंच की जाणारा तसाही जातो, सांगून गेला तर निदान पुढचा माणूस तयार करायला वेळ मिळतो.

२३,५०० हा आकडा सहज पडलेला नाही. ईएसआयसीची मर्यादा २१,००० आहे. पगार त्यावर गेला की चालू सहामाही संपल्यावर वर्गणी थांबते, आणि पुढे घरच्यांच्या औषधोपचाराचा आधारही जातो. एका सेटरला मी पूर्वी २०,५००वरून २१,५०० केले, आणि पुढे त्याच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी आम्हा दोघांनाही हे कळलं. हजार रुपयांची वाढ त्याला फार महाग पडली. तेव्हापासून आम्ही मर्यादेच्या जेमतेम वर वाढ देत नाही. एकतर तिच्या आत थांबतो, नाहीतर एकदम २३,५०० करून सोबत आई-वडिलांसह मेडिक्लेम काढतो. बढतीचं आश्वासन देणाऱ्यानं त्या पगाराला काय सुटतं हे आधी तपासावं.

जाहिरात आता लांब झाली आहे, पूर्वीच्या चौपट. व्हॉट्सअॅपवर एका फोटोत बसत नाही, म्हणून वर मोठ्या अक्षरांत फक्त चार गोष्टी ठेवतो: हातात किती, कोणत्या तारखेला, काम काय, सुट्टी कधी. बाकीचं खाली बारीक. आयटीआयच्या सूचनाफलकावर मात्र अख्खं पान लावतो.

त्या नऊ जणांतून दोघांना घेतलं. ती मुलगी आणि चाकणहून आलेला एक जण. मुलगी आज सेटर आहे. चाकणवाला एकोणीस महिन्यांनी मोठ्या कंपनीत गेला. जाण्याच्या दोन महिने आधी त्यानं सांगितलं, आणि स्वतःच्या जागी आणलेल्या मुलाला त्यानंच मशिन शिकवलं.