वैर संपलं, सत्य उरलं

आजचं वाचन: वाल्मीकि रामायण, युद्धकांड, रावणाच्या अंत्यसंस्काराचा प्रसंग

रावण पडला आहे. मंदोदरीचा विलाप झाला आहे. आता भावाचे अंत्यसंस्कार बिभीषणाने करायचे आहेत आणि तो अडून बसतो. ज्याने धर्म सोडला, जो क्रूर होता, खोटं वागला, दुसऱ्याच्या स्त्रीला ज्याने पळवून आणलं, त्याचे संस्कार मी का करू? नात्याने तो मोठा भाऊ असेल, पण मान देण्यासारखा नव्हता, असं तो सरळ म्हणतो.

रामाने इथे काय उत्तर दिलं ते नीट बघा. "असं बोलू नकोस, तो फार चांगला होता," असं राम म्हणत नाही. तो अधर्माने आणि असत्याने वागला, हे राम आधी मान्य करतो. मग म्हणतो की युद्धात तो तेजस्वी, बलवान आणि शूर होता. हे रामाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. इंद्रादी देवांकडूनही तो हरला नाही, हे मात्र राम "ऐकलं आहे" असं म्हणून सांगतो. त्याच बोलण्यात तो रावणाला लोकांना रडवणारा असंही म्हणतो. आणि मग सांगतो की वैर मरणापर्यंतच असतं, आपलं काम झालं, आता संस्कार कर. तो जसा तुझा तसा माझाही.

म्हणजे वैर संपलं, पण वैर संपवण्यासाठी रामाला एकही खोटं वाक्य बोलावं लागलं नाही. पाहिलेलं पाहिलेलं म्हणून सांगितलं, ऐकलेलं ऐकलेलं म्हणून.

हे आपल्या रोजच्या जगण्यात कुठे लागू पडतं? ऑफिसमधल्या सहकाऱ्याच्या घरी कुणी गेलं, आणि ती व्यक्ती आपल्याला मनापासून आवडत नव्हती, तेव्हा.

माझंच उदाहरण सांगतो. टीममधल्या एका मित्राच्या वडिलांच्या फ्लॅटमध्ये मी ११ महिन्यांच्या करारावर भाड्याने राहिलो होतो. सोडताना काकांनी डिपॉझिटमधून रंगकामाचे म्हणून १८ हजार कापले. ते विसरलोही असतो. पण माझ्या आईशी ते जिन्यात चारचौघांसमोर ज्या भाषेत बोलले, ते विसरता आलं नाही. गेल्या वर्षी काका अचानक गेले. ऑफिसच्या ग्रुपवर "देवमाणूस होते", "भावपूर्ण श्रद्धांजली" असे मेसेज धडाधड यायला लागले. माझ्याही हातात फोन होता.

गीतेच्या १७व्या अध्यायातल्या १५व्या श्लोकात वाणीचं तप सांगितलं आहे. बोलणं समोरच्याला अस्वस्थ न करणारं, खरं, प्रिय आणि हिताचं असावं. आम्ही कोड रिलीज करण्याआधी टेस्ट लावतो, तशी प्रत्येक वाक्याला मी ही चाळणी लावून बघितली.

"देवमाणूस होते" हे वाक्य प्रिय आहे, पण माझ्या तोंडी खरं नाही. शिवाय जिन्यातला प्रसंग मित्राला माहीत होता. माझ्याकडून ते शब्द आले असते तर त्याला लगेच कळलं असतं की हा उरकतोय. "आपण एका मोठ्या माणसाला मुकलो" यातलं "आपण" खोटं. "श्रद्धांजली"मध्ये श्रद्धा हा शब्दच आहे, आणि ती माझ्याकडे नव्हती. "कडक शिस्तीचे होते" हा तर शब्दांचा खेळ. ऐकणाऱ्याला त्यातला टोमणा बरोबर कळतो.

मग खरं काय उरतं? "त्यांच्या आत्म्याला शांती लाभो" हे म्हणता येतं. ती प्रार्थना आहे, कुणाच्या स्वभावाचं प्रमाणपत्र नव्हे, आणि तेवढं मी मनापासून मागू शकत होतो. "वाईट वाटलं" याऐवजी "तुझ्यासाठी वाईट वाटलं" म्हटलं की वाक्य पूर्ण खरं होतं. आणि स्वतः पाहिलेली एखादी लहान गोष्ट. काकांचा फोन रोज सहाला यायचा आणि मित्र हेडफोन काढून "हो बाबा, निघतोय" म्हणायचा, हे मी दोन वर्षं शेजारच्या खुर्चीवरून बघत होतो.

शेवटी मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. त्याला एकट्याला हे पाठवलं:

"बाबांची बातमी आत्ता कळली. तुझ्यासाठी फार वाईट वाटतंय रे. रोज सहाला त्यांचा फोन यायचा, ते आठवलं. ती वेळ आता तुला जड जाणार. आई कशा आहेत? या आठवड्याची रिलीज मी बघतो, तू लॅपटॉप उघडू नकोस. रविवारी घरी येतो."

या मेसेजमध्ये काकांची स्तुती नाही, पण ती राहून गेली असं वाटत नाही. कारण बहुतेक वाक्यं ज्याचं माणूस गेलंय त्याच्याबद्दल आहेत. हिताचा भाग रिलीजच्या वाक्यात आहे, आणि ते वाक्य नंतर पाळावं लागतं.

रविवारी भेटायला गेलो. अशा भेटीत फार बोलायचं नसतं, ही आपली जुनी रीत या बाबतीत फार उपयोगी आहे. जवळ बसावं, पाणी प्यावं, आणि निघताना "येतो" न म्हणता उठावं. गप्प बसणं इथे खोटं ठरत नाही. पण मित्रानेच विषय काढला. "तुला त्रास दिला ना रे बाबांनी?"

इथे दोन्ही बाजूंना घसरायला जागा असते. "छे छे, काही नाही" म्हणणं खोटं, आणि १८ हजारांचा हिशोब काढणं क्रूर. मी म्हटलं, "आमचं जमलं नाही, हे खरं. पण मी त्यांना थोडंच ओळखायचो. तू सांग ना, तुझे बाबा कसे होते?" मग तो बराच वेळ बोलत राहिला. आईला डायलिसिसला नेता यावं म्हणून काका ५८व्या वर्षी गाडी चालवायला शिकले होते. हे मला माहीत नव्हतं. हे कळल्यामुळे जिन्यातला प्रसंग पुसला जात नाही. पण आता त्यांच्याबद्दल बोलायची वेळ आली तर "त्यांच्या मुलाने मला सांगितलं" असं म्हणून एक चांगली गोष्ट मी खरेपणाने सांगू शकतो. रामाच्या "ऐकलं आहे" या शब्दांचं मोल मला तेव्हा कळलं.

एक सावधगिरी. कधी कधी सहकारी स्वतःच गेलेल्या माणसाबद्दल कडवट बोलतो. तेव्हा आपला पुरावा त्यात जोडू नये. त्याला वडिलांवर रागवायचा हक्क आहे, आपण दिलेली साथ मात्र त्याला महिन्याभराने टोचेल. ऐकावं, मान हलवावी, बस. आणि शोकसभेत बोलायला सांगितलं आणि पाहिलेलं किंवा ऐकलेलं एकही खरं वाक्य जवळ नसेल, तर "मी त्यांना फार ओळखत नव्हतो, जवळच्या कुणाला बोलू दे" असं सांगून बाजूला व्हावं.

आजचा अभ्यास: असा मेसेज लिहायची वेळ आली तर लिहून झाल्यावर पाठवण्याआधी प्रत्येक वाक्यापुढे खूण करा: पाहिलं, ऐकलं, की मागणं. ज्या वाक्यापुढे यातलं काहीच लिहिता येत नाही, ते खोडा. उरलेला मेसेज दोन ओळींचा असला तरी चालेल.