“काय चाललंय?” याला काय उत्तर द्यायचं?



या वेळचा पाठ हिशोबाचा किंवा नोंदवहीचा नाही, बोलण्याचा आहे. “काय ताई, काय चाललंय?”, “काय मग, कसं काय?”, “काय म्हणताय?” हे आपल्याला दिवसातून कितीतरी वेळा ऐकू येतं. आपलं उत्तरही ठरलेलं असतं: “चाललंय आपलं”, “रोजचंच” किंवा “काही विशेष नाही”. यात चूक काहीच नाही. विचारणाऱ्याने खरं तर रामराम केलेला असतो आणि आपण तो परत केलेला असतो. पण विचारणारा थांबला असेल, तर त्याच उत्तराने बोलणं तिथंच संपतं. “काही विशेष नाही” म्हटल्यावर समोरच्याने पुढे काय विचारायचं?

म्हणून आधी बघायचं, नुसता रामराम आहे की बोलायचंय. हे ओळखायला सोपं आहे. माणूस चालता चालता विचारत असेल, गाडीचा वेग कमी केला नसेल, तर “बरंय, तुमचं?” एवढं पुरे. त्याला अडवून काही सांगू नये. पण पाय थांबले, पिशवी खाली ठेवली, किंवा तुमच्या उत्तरानंतर “बाकी काय?” असं पुन्हा विचारलं, तर त्याला वेळ आहे. पहिला प्रश्न रीतीचा असतो. “बाकी काय?” हा बहुतेक वेळा खरा असतो.

अशा वेळी उत्तरात तीन छोटी वाक्यं असावीत. पहिलं हालहवाल सांगणारं, दुसरं एका कामाची बातमी देणारं, तिसरं समोरच्याला त्याच्याबद्दल विचारणारं. एवढं बोलून आपण थांबायचं.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमचा गट उन्हाळी वाळवणं करतो. मंगळवारी कुरडयांसाठी गहू भिजत घातलेत. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, शुक्रवारी वाटून चीक काढायचा, शनिवारी सकाळी चीक शिजवून कुरडया घालायच्या. बुधवारी बाजारात शाळेतले गुरुजी भेटतात, थांबतात आणि विचारतात, “काय ताई, काय चाललंय?”

एक ताई म्हणेल, “चाललंय आपलं.” गुरुजी मान हलवून भाजी घ्यायला जातील. गटात कुरडया होतायत हे त्यांना कळणारच नाही.

दुसरी ताई म्हणेल, “काय सांगू गुरुजी, गहू महाग झालाय, बायका वेळेवर येत नाहीत, मागच्या वर्षीच्या कुरडया तशाच पडून राहिल्या. तुम्ही तरी घ्या की किलोभर!” आता गुरुजी अडचणीत आले. नाही म्हणवत नाही आणि घ्यायच्या की नाही ते घरी विचारल्याशिवाय सांगता येत नाही. पुढच्या वेळी ते लांबूनच हात करतील.

तिसरी ताई म्हणेल, “बरं चाललंय गुरुजी. गटात कुरडयांसाठी गहू भिजत घातलेत, शनिवारी घालणार आहोत. तुमच्याकडची वाळवणं झाली का?”

गुरुजी म्हणतील, “अजून कुठली! हिला वेळच मिळाला नाही.”

“मग विचारून बघा त्यांना. शुक्रवारपर्यंत सांगितलंत तर तुमच्यापुरत्या बाजूला ठेवू. येऊ मी?”

बोलणं एवढंच. तिसऱ्या ताईचं उत्तर नीट बघा. तिने “आम्ही कुरडया विकतो” असं म्हटलं नाही, शनिवारी काय होणार ते सांगितलं. वार सांगितल्यामुळे ते लक्षात राहतं, आणि गुरुजींना घरी जाऊन सांगायला काहीतरी मिळतं. शेवटचा प्रश्न “घेता का?” असा नाही, “झाली का?” असा आहे. त्यामुळे गुरुजींना “झाली की” असंही सहज म्हणता येतं. तसं म्हणाले तर “बरं झालं, येऊ मग” म्हणायचं आणि निघायचं. विषय ओढायचा नाही.

विचारणारं माणूस बदललं की मधलं वाक्य बदलायचं. बँकेत ओळखीच्या साहेबांनी “काय ताई, काय चाललंय?” म्हटलं, तर त्यांना कुरडया सांगून उपयोग नाही. “बरं चाललंय साहेब. या महिन्याचा हप्ता भरला. पुढच्या कर्जाला कोणते कागद लागतील ते विचारायचं होतं, कधी येऊ?” असं म्हणायचं. ‘कधी येऊ’ महत्त्वाचं आहे. खिडकीपाशी रांग असते, साहेबांच्या हातात काम असतं. वार आणि वेळ विचारली की ते आपल्यासाठी मोकळे असतील तेव्हाच गाठ पडते. शेजारच्या गटातली मैत्रीण भेटली, तर तिच्या उपयोगाचं बोलावं: “आमच्याकडे परवा शेळ्यांना लस द्यायला पशुसखी येणार आहे. तुमच्याकडे झालं का लसीकरण?”

आता काय सांगायचं नाही, तेही बघू. मधली बातमी नेहमी आपली किंवा सगळ्या गटाची असावी. कुणाचा हप्ता थकला, कुणाला कर्ज नाकारलं, कुणाच्या घरात भांडण झालं, ही आपल्या तोंडून जायची बातमी नव्हे. पाणवठ्यावर सहज बोललेलं संध्याकाळपर्यंत त्या बाईच्या घरी पोचतं, आणि पुढच्या बैठकीला तिची जागा रिकामी दिसते. दुसरं म्हणजे पैसे. गटाची रक्कम घेऊन बँकेत निघालात आणि स्टँडवर कुणी विचारलं, “काय, कुठं निघालात?”, तर “जरा तालुक्याला काम आहे” एवढंच सांगा. पिशवीत काय आहे ते चार लोकांत बोलू नका.

आणि खरंच बरं चाललेलं नसेल तर? घरात आजारपण आहे, पीक गेलंय, मन थाऱ्यावर नाही. जाता जाता विचारणाऱ्याला “चाललंय” म्हणणं हे खोटं बोलणं नाही, तो रामरामच आहे. पण समोर आपलं माणूस असेल, तर तिथंही एवढीच वाक्यं कामाला येतात. “आज बरं नाही गं चाललं. इथं नको बोलायला. संध्याकाळी येशील का घरी?” सगळं रस्त्यात सांगायला लागत नाही, आणि मैत्रिणीला नेमकं काय करायचं ते कळतं.

हेच उलट बाजूनेही लक्षात ठेवा. नेहमी भरभरून बोलणारी मैत्रीण बैठकीत तुमच्याकडे न बघता नुसतं “चाललंय” म्हणाली, तर सगळ्यांसमोर खोदून विचारू नका. बैठक संपल्यावर तिच्याबरोबर चार पावलं चाला आणि हळूच म्हणा, “बाकी काय?”

बैठकीत करून बघा: दोघी-दोघींच्या जोड्या करा. एकीने ग्राहक, बँकेतले साहेब किंवा शेजारच्या गटातली मैत्रीण व्हायचं आणि “काय चाललंय?” विचारायचं. दुसरीने तीन वाक्यांत उत्तर द्यायचं. मग विचारणारीने सांगायचं, उत्तरातलं तिच्या काय लक्षात राहिलं. काहीच राहिलं नसेल, तर मधलं वाक्य बदलून पुन्हा बोला.