हार्ड डिस्कचा पीसीबी बदलताय? आधी जुन्या बोर्डावरची चिप सांभाळा

समजा, जिंतुरातल्या एखाद्या फोटो स्टुडिओत १२ व्होल्टच्या बाहेरच्या हार्ड डिस्कला चुकून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लागला. जळका वास आला आणि डिस्क गप्प झाली. फिरण्याचा आवाज नाही, हाताला थरथर नाही. अशा वेळी बिघाड बहुधा डिस्कखालच्या हिरव्या बोर्डात, म्हणजे पीसीबीत असतो. डिस्क फिरून टक-टक करत असेल, तर मात्र संशय आतल्या हेडवर जातो. मग पीसीबीवर पैसे घालवू नका.

पहिली तपासणी स्वस्तातली आहे. वीज जिथून बोर्डात येते, तिथे जास्त व्होल्टेज अंगावर घेणारे टीव्हीएस डायोड असतात. मल्टिमीटरवर त्यातला एखादा शॉर्ट दिसला, तर तो काढल्यावर डिस्क बरेचदा सुरू होते. मात्र तिचं संरक्षण गेलेलं असतं. म्हणून योग्य अडॅप्टर लावून लगेच डेटा उतरवा आणि ती डिस्क पुन्हा वापरू नका.

डायोड ठीक असून बोर्डच जळला असेल, तर दुसरा लागतो. तो घेताना डिस्कचं मॉडेल जुळणं पुरेसं नाही. बोर्डावरच छापलेला क्रमांक जुळवा. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच बोर्डांवर तो २०६० ने सुरू होतो.

क्रमांक तंतोतंत जुळला तरी डिस्क लगेच चालेलच असं नाही. प्रत्येक डिस्कची हेड कारखान्यात तपासून त्यांची मापं नोंदवतात. त्यातला सुरुवातीला लागणारा भाग बोर्डावरच्या आठ पायांच्या रॉम चिपमध्ये असतो. दुसऱ्या डिस्कची रॉम असली, की डिस्क फिरते, खटखटते, थांबते किंवा संगणकाला दिसतच नाही. म्हणून जुनी चिप काढून नव्या बोर्डावर बसवावी लागते. चिपवरच्या ठिपक्याची दिशा चुकता कामा नये. काही बोर्डांवर ही चिप वेगळी नसतेच. तो मजकूर मुख्य चिपच्या पोटात असतो. ते काम डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या.

साधारण खर्च असा धरा. दर दुकानागणिक बदलतात:

- टीव्हीएस डायोड तपासून काढणे: २०० ते ५०० रुपये
- जुळणारा जुना पीसीबी: १,००० ते ३,००० रुपये
- रॉम चिप हलवणे: ३०० ते ८०० रुपये
- रिकव्हरी लॅबकडून बोर्डाचं काम: ४,००० ते १०,००० रुपये

हॉट एअर मशीन असलेला मोबाईल दुरुस्तीवाला चिप हलवू शकतो. त्याला आधी दोन प्रश्न विचारा: चिप काढल्यावर प्रोग्रामरवर वाचून तिची प्रत ठेवणार का? जुना बोर्ड परत देणार का? दोन्हींना ‘हो’ नसेल, तर काम देऊ नका. चिप जळली आणि प्रत नसली, तर पुढचं काम लॅबलाही अवघड आणि महाग पडतं. डेटा मोलाचा असेल, तर बोर्डाला हात न लावता डिस्क थेट लॅबकडे पाठवा.