फोटोवरून परफ्यूमची पारख: झाकण, बॅच कोड आणि बॉक्स

जाहिरातीत ‘ब्लू द शनेल’ची 100 मिलीची बाटली निम्म्याहून कमी किमतीत आहे. विक्रेत्याने चार फोटो पाठवलेत आणि पैसे आज संध्याकाळपर्यंत मागितलेत. पैसे पाठवण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या: फोटोवरून बाटली बनावट आहे हे ठरवता येतं, पण ती अस्सल आहे हे फोटोवरून सिद्ध होत नाही. म्हणून खाली दिलेली प्रत्येक तपासणी माल बाद करण्यासाठी आहे. एका ठिकाणी खोट सापडली की व्यवहार तिथेच थांबवा. खोट सापडली नाही, तर फक्त पुढच्या तपासणीकडे जा.

उदाहरणाला ‘ब्लू द शनेल’च घेऊ. हे परफ्यूम 2010 पासून बाजारात आहे, भरपूर खपतं आणि त्याच्या नकलाही भरपूर निघतात. शिवाय त्याची काच इतकी गडद असते की आतल्या द्रवाचा रंग आणि नळी फोटोत दिसत नाही. नकली माल विकणाऱ्याच्या हे पथ्यावरच पडतं. तुमच्या हाती उरतात तीन गोष्टी: झाकण, कोड आणि बॉक्स.

आधी फोटो नीट मागवा. जाहिरातीतले फोटो दुसऱ्याच्या पोस्टमधून उचललेले असू शकतात, म्हणून ते आधी गूगल लेन्समध्ये टाकून बघा. मग विक्रेत्याकडे नवे फोटो मागा. झाकण लावलेली बाटली समोरून, झाकणाची वरची बाजू, झाकण उलटं करून आतली बाजू, बाटलीवरचा कोड, बॉक्सच्या तळाचा कोड, बॉक्सची मागची छपाई आणि शेवटी बाटली व बॉक्स दोन्हींचे कोड एकाच फोटोत. त्या शेवटच्या फोटोत एक कागदही ठेवायला सांगा, त्यावर हाताने लिहिलेली आजची तारीख आणि तुमचं नाव. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दबतो आणि बारीक अक्षरं फुटतात. सगळ्याला विक्रेत्याची पाच मिनिटं जातात. माल खरोखर त्याच्याकडे असेल तर तो एवढं करतो. ‘घ्यायचं तर घ्या, गिऱ्हाइकं रांगेत आहेत’ असं उत्तर आलं, तर तुमचा निर्णय झाला.

आता झाकण. ‘ब्लू द शनेल’च्या झाकणात मॅग्नेट असतं. झाकण थोडं तिरकं धरून सोडलं तर शेवटच्या क्षणी ते आपोआप वळतं आणि सरळ बसतं. झाकणाच्या कडा बाटलीच्या कडांशी समांतर होतात आणि वरचा जोड-‘सी’चा लोगो समोरून सरळ दिसतो. हे फोटोत कळत नाही, म्हणून दहा सेकंदांचा व्हिडिओ मागा: झाकण काढायचं, वाकडं धरायचं, सोडायचं. ते वाकडंच राहिलं, हाताने दाबावं लागलं किंवा लावल्यावर डुगडुगलं, तर माल बाद. उलट्या झाकणाच्या फोटोत आतला प्लास्टिकचा भाग बघा. कडेला साच्याची उभी रेघ, प्लास्टिकचे तुसे किंवा गोंदाचा पिवळट ओघळ दिसला तरी बाद. मात्र चांगल्या नकलेतही मॅग्नेट असतं, त्यामुळे झाकण सरळ बसलं एवढ्यावर पैसे पाठवू नका.

‘टेस्टर आहे, म्हणून झाकण नाही’ हे वाक्य वारंवार ऐकू येतं. दुकानातले टेस्टर साध्या बॉक्समध्ये आणि कधीकधी झाकणाशिवाय येतात, हे खरं आहे. पण टेस्टर घेतलात की झाकण आणि बॉक्स या तीनपैकी दोन तपासण्या तुम्ही आपणहून सोडून देता. फोटोवरून खरेदी करताना टेस्टर घेऊ नका.

बॅच कोडवर सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून इथे थोडं थांबू. बॅच कोड म्हणजे कारखान्यातल्या एका खेपेला दिलेली खूण. त्या खेपेतल्या हजारो बाटल्यांवर तोच कोड असतो. तो तुमच्या एकट्या बाटलीचा नंबर नसतो. शनेलचा कोड चार आकड्यांचा असतो. बाटलीवर तो काचेत कोरलेला आणि बॉक्सच्या तळाशी पुठ्ठ्यात दाबून उमटवलेला असतो. डिओरच्या ‘सोवाज’वर याहून वेगळी पद्धत दिसते: एक आकडा, मग एक इंग्रजी अक्षर, मग दोन आकडे. शनेलच्या बॉक्सवर डिओरच्या धाटणीचा कोड असेल, तर पुढे काही बघायची गरजच नाही.

दाबून उमटवलेला कोड समोरून फ्लॅश मारला की दिसेनासा होतो. म्हणून विक्रेत्याला फ्लॅश बंद करून, उजेड एका बाजूने पडेल असा फोटो काढायला सांगा. मग कोडाच्या खळग्यात सावली पडते आणि आकडे ठळक दिसतात. बाटलीवरचा कोड शाईने छापलेला, पुसट झालेला किंवा स्टिकरवर असेल, तर माल बाद. बाटलीचा आणि बॉक्सचा कोड एकच असायला हवा. वेगवेगळे असतील, तर बॉक्स एका बाटलीचा आणि आतला माल दुसरा, एवढं तरी नक्की. रिकामे अस्सल बॉक्स आणि बाटल्या विकत घेऊन त्यात भलतंच भरणारे लोक आहेत.

आता सगळ्यात धोक्याचा शॉर्टकट. बॅच कोड टाकला की उत्पादनाची तारीख सांगणारी संकेतस्थळं आहेत, चेकफ्रेश त्यातलं एक. विक्रेता त्याचा स्क्रीनशॉट पाठवतो आणि ‘ओरिजिनल व्हेरिफाइड’ म्हणतो. पण ही संकेतस्थळं फक्त आकड्यांवरून तारखेचा अंदाज देतात. अस्सल बॉक्सवरचा कोड नकलेवर जसाच्या तसा उतरवला, तरी तारीख तीच येणार. या तारखेचा उपयोग उलट्या बाजूने करा. ‘ब्लू द शनेल’चं ‘पार्फ्युम’ 2018 मध्ये आलं. त्या बॉक्सचा कोड 2014 ची तारीख दाखवत असेल, तर विक्रेत्याला जाब विचारा. तारीख जुळली, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

कोड खरवडलेला, कापलेला किंवा अंगठ्याखाली लपवलेला असेल तर? अधिकृत विक्रीसाखळीबाहेर माल नेणारे व्यापारी कधीकधी कोड मुद्दाम खरवडतात, म्हणजे कोणत्या वितरकाकडून माल फुटला ते कंपनीला कळू नये. तसा माल अस्सल असू शकतो. पण तुमच्यासाठी तो तपासता न येणारा माल आहे. त्यासाठी पैसे मोजू नका.

बॉक्सवर अक्षरांच्या कडा बघा. फोटो मोठा करा. अस्सल छपाईत कडा धारदार असतात, शाई पसरत नाही आणि ओळी समांतर असतात. बनावट बॉक्सवर बारीक मजकुराचं पितळ उघडं पडतं: घटकांच्या यादीत स्पेलिंगच्या चुका, फ्रेंच शब्दांवरची चिन्हं गायब, दोन शब्दांमधलं अंतर कमी-जास्त. बारकोडची सुरुवात वाचा. शनेलच्या परफ्यूमच्या बारकोडची सुरुवात 3145891 अशी होते. वेगळी सुरुवात असेल, तर बाद. बरोबर असेल, तर तो आकडाही नक्कल करता येतो हे लक्षात ठेवा. वरच्या पारदर्शक कागदाची घडी घट्ट आणि सरळ हवी. पण ‘सील पॅक आहे’ याला पुरावा मानू नका, कारण असा कागद चढवणारी यंत्रं सहज मिळतात.

भारतात अधिकृतपणे आयात झालेल्या बॉक्सवर आणखी एक स्टिकर असतो, आणि तो फोटोत मागायला बहुतेक जण विसरतात. त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, सर्व करांसह एमआरपी आणि RC/COS- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. सौंदर्यप्रसाधनं नियम, 2020 प्रमाणे आयात केलेल्या परफ्यूमला ही नोंदणी लागते. ‘दुबईहून भावाने आणलंय’ म्हणणाऱ्याच्या बॉक्सवर हा स्टिकर नसणं स्वाभाविक आहे. पण मग तिथल्या दुकानाचं बिल मागा. बिल नाही आणि स्टिकरही नाही, तर त्या मालाच्या मागे फक्त विक्रेत्याचा शब्द उरतो.

हे सगळं एकत्र कसं चालतं ते बघा. समजा, 5,500 रुपयांना बाटली आहे. व्हिडिओत झाकण सरळ बसतं. बॉक्सवरचे चार आकडे स्पष्ट आहेत, बारकोडही बरोबर आहे. बाटलीच्या कोडाचा फोटो वेगळा आलाय आणि तोही जुळतो. इथपर्यंत बहुतेक जण पैसे पाठवतात. तुम्ही दोन्ही कोड एकाच फोटोत, कागदासह मागता. दोन तासांनी फोटो येतो आणि बाटलीवरचे शेवटचे दोन आकडे वेगळे निघतात. आधीचा फोटो दुसऱ्याच बाटलीचा होता. बाकी सगळं बरोबर असूनही व्यवहार इथे संपला. सातही फोटोंत मी सगळ्यात जास्त भरवसा याच एका फोटोवर ठेवतो.

आता छुपे खर्च. 5,500 वर कुरिअर, ‘बुकिंग’चे हजार आणि माल निघाल्यावर ‘कस्टम क्लिअरन्स’चे आणखी काही हजार. ही शेवटची रक्कम खासगी यूपीआय क्रमांकावर मागितली, तर एक रुपयाही देऊ नका. सीमाशुल्क असं कुणाच्या खासगी खात्यात भरलं जात नाही. कॅश ऑन डिलिव्हरीतही पैसे सहसा पार्सल उघडण्याआधीच द्यावे लागतात. त्यामुळे पार्सल घेताना लेबलपासून सुरुवात करून, न थांबता, उघडण्याचा व्हिडिओ करा आणि त्याच व्हिडिओत दोन्ही कोड दाखवा. ‘नो रिटर्न’ लिहिलेल्या पेजवरून घेऊच नका. फोटो बघून ‘सर्टिफिकेट’ देणाऱ्यांना पैसे देऊन फायदा नाही. त्यांच्यासमोरही तेच फोटो असतात.

फसलात, तर मार्ग विक्रेता कोण आहे यावर ठरतो. दुकान किंवा ऑनलाइन विक्री करणारा व्यावसायिक असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या मालासाठी तक्रारीची फी शून्य, मुदत दोन वर्षं. कागदपत्रं: बिल किंवा पैसे दिल्याचा पुरावा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅट आणि तो उघडण्याचा व्हिडिओ. स्वतःची एखादी बाटली विकणारी खासगी व्यक्ती असेल, तर ग्राहक आयोगाचा उपयोग होत नाही. तिथे पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार करावी लागते. पैसे ऑनलाइन गेले असतील, तर 1930 वर लगेच, त्याच तासात फोन करा. रक्कम समोरच्याच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी अडवता आली तरच परत मिळण्याची शक्यता राहते. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा.